किटलीतला पांढरा थर: तो का बसतो, व्हिनेगर आणि सायट्रिक अ‍ॅसिडने का सुटतो

गेल्या महिन्यात मी आमची इलेक्ट्रिक किटली रिकामी करून, पुसून, कोरडी करून वजनकाट्यावर ठेवली. ८१२ ग्रॅम. मग आतला थर काढला, पुन्हा कोरडी केली आणि पुन्हा वजन केलं. ७९४ ग्रॅम. म्हणजे दोन महिन्यांत १८ ग्रॅम दगड किटलीच्या तळाला चिकटला होता. दगड हा शब्द मी गमतीने वापरत नाही. तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. चुनखडीचा दगड, खडू आणि संगमरवर यांतही हेच संयुग असतं.

हा थर काढण्याच्या कृती सगळीकडे सापडतात: व्हिनेगर ओता, उकळा, धुवा. त्यातला "उकळा" हा सल्ला सायट्रिक अ‍ॅसिडच्या बाबतीत चुकीचा आहे. तो पाळून मी एकदा फसलो आहे. का फसलो हे समजायला थर मुळात बसतो कसा ते पाहावं लागेल, म्हणून आधी तेवढं बघू आणि मग कामाला लागू.

दगड पाण्यात विरघळतो कसा आणि बाहेर पडतो कसा

शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जवळपास विरघळतच नाही, लिटरभर पाण्यात जेमतेम १५ मिलिग्रॅम. तरी जड पाण्यात लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम सहज मिळतं. याचं कारण कार्बन डायऑक्साइड. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडंसं आम्लधर्मी होतं आणि वाटेतल्या चुनखडीला खात जातं:

CaCO₃ + CO₂ + H₂O ⇌ Ca²⁺ + 2HCO₃⁻

डावीकडे दगड आहे, उजवीकडे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट. मधला दुहेरी बाण महत्त्वाचा. तो सांगतो की ही क्रिया दोन्ही दिशांनी सतत चालू असते. दोन्हींचा वेग सारखा झाला की वरवर काही घडताना दिसत नाही, आणि त्या अवस्थेला आपण रासायनिक समतोल म्हणतो. एका बाजूची एखादी गोष्ट काढून घेतली की समतोल त्याच बाजूला सरकतो, जणू गेलेलं भरून काढायला. हे तत्त्व ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली मांडलं.

आता किटली सुरू करा. गरम पाण्यात वायू कमी विरघळतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड निघून जातो. डावीकडचा एक घटक कमी झाला, म्हणून समतोल डावीकडे सरकतो. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन पुन्हा दगड तयार होतो. त्यात आणखी एक भर पडते. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेटचं मात्र उलट आहे: पाणी जितकं गरम, तितकं ते कमी विरघळतं. म्हणून किटलीत सगळ्यात गरम जी जागा, म्हणजे तळाची प्लेट किंवा कॉइल, नेमका तिथेच थर सगळ्यात जाड असतो. गुहांच्या छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळकेही याच समीकरणाने वाढतात. तिथे उष्णता नसते, फक्त थेंबातला कार्बन डायऑक्साइड गुहेच्या हवेत निसटतो. म्हणून किटलीला दोन महिने पुरतात आणि गुहेला हजारो वर्षं लागतात.

उकळून जाणाऱ्या या क्षारांना तात्पुरता जडपणा म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडमुळे येणारा जडपणा उकळून जात नाही, त्याला कायमचा जडपणा म्हणतात.

माझ्या किटलीचा हिशेब इथेच करून टाकतो. आमच्या पाण्याचा तात्पुरता जडपणा लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम आहे आणि आम्ही रोज साधारण ३ लिटर पाणी उकळतो. सगळंच बाहेर पडलं असतं तर दिवसाला पाऊण ग्रॅम, ६० दिवसांत ४५ ग्रॅम थर बसला असता. बसला १८ ग्रॅम. किटली पाण्याला उकळी येताच बंद होते, त्यामुळे पाण्याला समतोलापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. शिवाय जे बाहेर पडतं त्यातला काही भाग धातूला न चिकटता भुकटी होऊन पाण्याबरोबर कपात जातो. त्या भुकटीने अपाय होत नाही, कॅल्शियमच ते.

थरामुळे वीज खूप वाया जाते असं म्हणतात. किटलीपुरतं ते मला फारसं पटत नाही, कारण तळातली उष्णता अखेर पाण्यातच जाणार असते. खरा तोटा वेगळा आहे. थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही, म्हणून त्याच्याखालची प्लेट प्रमाणाबाहेर तापते आणि किटली पाणी उकळण्याआधीच बंद पडू लागते. किटली अर्धवट बंद पडायला लागली तर दुरुस्तीला देण्याआधी तळ बघावा.

आम्ल नेमकं काय करतं

आम्ल दगड फोडत नाही, ते समीकरणातला एक तुकडा पळवतं. दगडातून अगदी थोडे कार्बोनेट आयन पाण्यात येत-जात असतात. आम्लातले हायड्रोजन आयन त्यांना पकडतात:

CO₃²⁻ + H⁺ ⇌ HCO₃⁻
HCO₃⁻ + H⁺ ⇌ H₂O + CO₂

शेवटी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन निघून जातो. कार्बोनेट संपत गेलं की ते भरून काढायला दगडातून नवं कार्बोनेट येतं, तेही पळवलं जातं, आणि दगड असाच झिजत झिजत संपतो. इथे गंमत अशी की कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यानेच थर बसला होता आणि आता तो निघून जात असतानाच थर सुटतोय. फरक हायड्रोजन आयनांचा आहे. आम्लात कार्बोनेट टिकूच शकत नाही, त्यामुळे वायू गेला तरी दगडाला परत बनायला सामान उरत नाही.

व्हिनेगर सौम्य आम्ल आहे. ५ टक्के व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या दर २०० रेणूंमागे साधारण एकानेच आपला हायड्रोजन आयन सोडलेला असतो. मग एवढा दगड कसा विरघळतो? तर हाही समतोलच आहे. सुटे हायड्रोजन आयन खर्च झाले की उरलेले रेणू आपले आयन सोडू लागतात. म्हणजे एका वेळी हातात सुटे पैसे थोडे, पण मागे तिजोरी भरलेली. तीव्र आम्लासारखं ते धातूवर एकदम तुटून पडत नाही आणि तरी काम पूर्ण करतं. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, म्हणजे टॉयलेट साफ करायला वापरतात त्यातलं आम्ल, हेच काम मिनिटात करेल, पण स्टीलला बारीक खड्डे पाडेल. किटलीत ते कधीही घालू नये.

किती घ्यायचं

१८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण संपवायला २१.६ ग्रॅम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लागतं, म्हणजे ५ टक्क्यांचं व्हिनेगर ४३० मिलिलिटर. सायट्रिक अ‍ॅसिडचा एक रेणू तीन हायड्रोजन आयन देतो, त्यामुळे दुकानात मिळणाऱ्या स्फटिकांचे २५ ग्रॅम पुरतात. हे कागदावरचं किमान झालं. आम्ल संपत आलं की क्रिया रेंगाळते, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट धरावं. व्हिनेगर असेल तर पाऊण ते एक लिटर, पाणी न मिसळता. सायट्रिक अ‍ॅसिड असेल तर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे, आणि जाड थरासाठी ते दोनदा.

एकदम ६० ग्रॅम का नाही? हीच माझी जुनी चूक.

तेव्हा मी अंदाजाने चार-पाच चमचे सायट्रिक अ‍ॅसिड टाकलं, किटली दोनदा उकळवली आणि "मुरू दे" म्हणून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी जुना खडबडीत थर गेला होता, पण त्याच्या जागी एक नवी पांढरी साय बसली होती. नखाने ओरखडली तर खडूसारखी मऊ. थर उरलाय असं समजून मी तिच्यावर लिंबू पिळलं. एकही बुडबुडा नाही. बुडबुडा नाही म्हणजे कार्बोनेट नाही. ते कॅल्शियम सायट्रेट होतं.

व्हिनेगरने होणारं कॅल्शियम अ‍ॅसिटेट पाण्यात भरपूर विरघळतं, १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमहून अधिक. कॅल्शियम सायट्रेट मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम, आणि तेही गरम पाण्यात आणखी कमी. आम्ल भरपूर असेल आणि पाणी फार गरम नसेल तोवर ते विरघळलेलं राहतं. पण एकाच पाण्यात खूप कॅल्शियम जमा झालं, त्यात उकळी दिली आणि तासन्तास ठेवलं, तर तो दुसरा समतोल घन पदार्थाकडे सरकतो. म्हणजे एक दगड काढता काढता मी दुसरा बसवला. सुदैवाने तो हट्टी नसतो. ताजं, थंड व्हिनेगर तासभर ठेवल्यावर ती साय पुसून निघाली.

किटली: कृती

आधी थर कशाचा आहे ते तपासा. सुटलेला एक पापुद्रा चमच्यात घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे फसफसून आले आणि पापुद्रा लहान होत गेला तर पुढची कृती लागू पडेल. काहीच झालं नाही तर थर सल्फेटचा किंवा सिलिकेटचा असू शकतो आणि कितीही व्हिनेगर ओतलं तरी तो जाणार नाही. तांबूस झाक असेल तर त्यात लोह आहे. अशा थरावर सायट्रिक अ‍ॅसिड जास्त चांगलं चालतं, कारण ते लोहाला धरून ठेवतं.

किटलीत थर बुडेल एवढंच पाणी घाला, काठोकाठ नको. ते ५०-६० अंशांपर्यंत तापवा, म्हणजे हाताला चटका बसेल इतपत, पण उकळीपासून लांब. प्लग काढा आणि मगच लिटरला ३० ग्रॅम या हिशेबाने सायट्रिक अ‍ॅसिड टाका. एकदम ओतू नका, फेस वर येतो. माझ्या १८ ग्रॅम थरातून सव्वाचार लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघाला असणार. म्हणून झाकण उघडं ठेवायचं. कोमट पाण्याने क्रियेचा वेग वाढतो, एवढाच त्याचा उपयोग. उकळी आणून जास्त काही मिळत नाही.

पहिली पाच मिनिटं तळाशी पांढरा धूर उठल्यासारखे बुडबुडे दिसतात. अर्ध्या तासात ते मंदावतात. आता प्रश्न असा की थर संपला की आम्ल संपलं? दोन्हींत बुडबुडे थांबतातच. वापरलेलं पाणी चमचाभर बाहेर काढा आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. जोरात फसफसलं तर आम्ल शिल्लक आहे, म्हणजे थर बहुधा संपलाय. फसफसलं नाही आणि तळ अजून खरखरीत लागतोय, तर आम्ल संपलंय. ते पाणी ओतून द्या आणि नवं मिश्रण घ्या. जाड थर असेल तर या चाचणीची वाट न पाहता अर्ध्या तासाने पहिलं पाणी सरळ ओतून टाका. सायट्रेट खाली बसायच्या आत कॅल्शियम बाहेर गेलेलं बरं. माझ्या किटलीला दोन फेऱ्या लागल्या. दुसऱ्या फेरीत तळाच्या कडेला राहिलेली अर्धचंद्राकृती पट्टीही गेली.

व्हिनेगर वापरत असाल तर हे घाईचं कारण नाही. तासभर ठेवलं तरी चालतं, फक्त वास राहतो आणि तो जायला दोन-तीनदा पाणी उकळून टाकावं लागतं. मला म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड बरं वाटतं.

शेवटी थंड पाण्याने तीनदा विसळा, एकदा भरून उकळा आणि ते पाणी टाकून द्या. तोटीच्या आतली जाळी निघत असेल तर काढून वाटीत त्याच मिश्रणात बुडवा. तारेच्या घासणीने तळ घासू नका: पडलेल्या ओरखड्यांत पुढचा थर आणखी लवकर धरतो. आणि हे आम्लाचं पाणी संगमरवराच्या ओट्यावर सांडू देऊ नका. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यामुळे त्यावर कायमचा निस्तेज डाग पडतो. ब्लीच असलेल्या क्लीनरबरोबर तर कुठलंच आम्ल मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नळ आणि पाइप

थंड पाण्याच्या पाइपात थर सहसा फारसा जमत नाही, कारण तिथे पाणी तापत नाही आणि वायूला निसटायला जागा नसते. थर जमतो तो पाणी जिथे गरम होतं किंवा हवेला भिडतं तिथे: गिझरची कॉइल, त्याच्या पुढची गरम पाण्याची लाइन, शॉवरची भोकं आणि नळाच्या तोंडाची जाळी. म्हणून गरम पाण्याची धार बारीक झाली की भिंत फोडायचा विचार करण्याआधी एक बादली घ्या.

१० लिटरची बादली एकदा थंड आणि एकदा गरम नळाने भरा आणि वेळ मोजा. समजा थंड नळाला ६० सेकंद लागले आणि गरमला ११०. आता नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा सारख्या कमी झाल्या तर जाळी तुंबली होती. मिक्सर नळात दोन्ही पाणी एकाच जाळीतून जातं, त्यामुळे जाळी तुंबली की दोन्हींना सारखाच फटका बसतो. पण जाळी काढूनही गरम आणि थंड यांतला फरक राहिला तर अडथळा मागे आहे: नळाचा गरम बाजूचा कॉक, गिझरच्या इनलेटची जाळी किंवा खुद्द लाइन. याच क्रमाने बघावं, कारण स्वस्त आणि सोपं आधी.

जाळी आणि शॉवरचं तोंड काढून तसल्याच ३० ग्रॅमच्या मिश्रणात अर्धा तास ठेवा. शॉवर निघत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती तोंडाला रबरबँडने बांधा. अर्ध्या तासाने बघा, रात्रभर ठेवू नका. क्रोमचा मुलामा पातळ असतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आम्ल खालच्या पितळेपर्यंत पोचतं आणि मग हिरवट डाग पडतात.

साठवणीच्या गिझरच्या टाकीत आम्ल ओतू नये. आत गंज रोखायला मॅग्नेशियमची कांडी असते आणि आम्ल थराआधी तिलाच खातं. वीज बंद करून, टाकी थंड करून, पाणी सोडून कॉइल बाहेर काढायची आणि ती वेगळ्या बादलीत, वायरिंगची टोकं वर कोरडी ठेवून बुडवायची. ज्याला विजेच्या कामाची सवय नाही त्याने हे मेकॅनिककडून करून घ्यावं. भिंतीतली गरम लाइन छोट्या पंपाने सायट्रिक अ‍ॅसिड फिरवून साफ करता येते, पण पाइप जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाचा असेल तर आम्ल जस्तही विरघळवतं. जुन्या सांध्यांत कधीकधी थरानेच गळती थोपवून धरलेली असते, आणि थर गेला की पाणी भिंतीतून झिरपू लागतं. अशा लाइनला हात लावण्यापेक्षा ती बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

थर पुन्हा हळू बसावा म्हणून माझ्याकडे दोनच गोष्टी चालल्या. वापरून झाल्यावर किटलीत पाणी साठवून ठेवायचं नाही, आणि थर कागदाइतका पातळ असतानाच, साधारण तीन आठवड्यांनी, एक फेरी मारायची. तीन आठवड्यांत माझ्या पाण्याने सहा ग्रॅमच्या आसपास थर बसतो. त्याला ३० ग्रॅमची एकच फेरी पुरते, आणि सायट्रेटची भीतीही उरत नाही. गिझरचा थर्मोस्टॅट ७५ वरून ६० अंशांवर आणला तर तिथेही थर कमी होतो. त्याहून खाली मात्र नेऊ नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जीवाणू वाढू शकतात.